बायबलमधले श्लेष आणि आद्याक्षरी कविता मराठीत कशा उतरवाव्यात

हिब्रू बायबलचा एखादा भाग मराठीत आणायला बसलात की पहिल्या काही दिवसांतच एक अडचण समोर येते. अर्थ नीट लागलेला असतो, वाक्यही बरे जमलेले असते, पण मूळ मजकुरात दोन शब्द एकमेकांना साद देत होते आणि मराठीत ते मुके झालेले असतात. विलापगीतासारख्या पुस्तकात तर कवितेच्या ओळी हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने सुरू होतात आणि अनुवादात त्याचा मागमूसही उरत नाही. अशा जागा ओळखायच्या कशा, त्यांतल्या कोणत्या टिकवायच्या आणि टिकवायच्या तर कोणत्या वाटेने, हे मी इथे पायरीपायरीने सांगतो. त्यासाठी एक श्लेष आणि एक आद्याक्षरी कविता अशी दोन उदाहरणे शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. हिब्रू येत नसेल तरी चालेल. शब्दाशब्दाखाली अर्थ दिलेली हिब्रू प्रत आणि एक शब्दकोश हाताशी असला की काम सुरू करता येते.

पहिली पायरी: खेळ खरोखर आहे का, ते तपासा

हिब्रूतले बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूंवर उभे असतात, त्यामुळे सारखे ऐकू येणारे शब्द पानोपानी सापडतात. नवीन माणूस उत्साहाच्या भरात प्रत्येक ठिकाणी श्लेष पाहतो. म्हणून तीन गोष्टी तपासाव्यात. दोन्ही शब्द एका-दोन वचनांच्या आत आहेत का? वाक्याचा अर्थ नेमका त्या दोन शब्दांच्या सांध्यावर वळतो का? आणि लेखकाने वाट वाकडी करून एखादा दुर्मीळ शब्द निवडला आहे का?

तिसरी कसोटी सगळ्यांत भरवशाची. यशया 5:7 पाहा. द्राक्षमळ्याच्या गीताचा तो शेवट आहे. देवाने ‘मिश्पात’ची, म्हणजे न्यायाची, अपेक्षा केली आणि मिळाले ‘मिस्पाख’. ‘त्सदाका’ची, म्हणजे नीतीची, अपेक्षा केली आणि ऐकू आली ‘त्सआका’, म्हणजे आक्रोश. ‘मिस्पाख’ हा शब्द साऱ्या हिब्रू बायबलमध्ये फक्त इथेच येतो आणि त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक रक्तपात असा करतात. रक्तपातासाठी रोजचे हिब्रू शब्द असताना संदेष्ट्याने हा आडवळणाचा शब्द उचलला तो ‘मिश्पात’शी जुळावा म्हणूनच. इथे शंकेला जागा राहत नाही.

या जागी मराठीत सहज सुचतात ते ‘न्याय’ आणि ‘अन्याय’. मला ते पुरेसे वाटत नाहीत. ‘अन्याय’ म्हणजे न्यायाचा नकार, एवढेच. मुळात दोन वेगळ्याच वस्तू आहेत, ज्या कानाला जवळजवळ एक वाटतात, आणि फसगत झाल्याची भावना त्यातूनच येते. ‘रास्त वागणुकीची वाट पाहिली, तो रक्तपात, सदाचाराची वाट पाहिली, तो हाहाकार’ असे केले तर ‘रास्त’–‘रक्त’ आणि ‘सदाचार’–‘हाहाकार’ या जोड्या मूळच्या पुष्कळ जवळ जातात. अर्थही फारसा हलत नाही.

दुसरी पायरी: तो खेळ तिथे काय काम करतो, ते लिहून काढा

हे खरोखरच कागदावर, एका वाक्यात लिहा. श्लेष काही ठिकाणी नुसती सजावट असतो. काही ठिकाणी तो नावाची व्युत्पत्ती सांगतो, आणि काही ठिकाणी साऱ्या वचनाचा युक्तिवादच त्याच्यावर उभा असतो. सजावट गेली तर फार बिघडत नाही. जवळपास कुठेतरी अनुप्रास साधून भरपाई करता येते. पण युक्तिवादच श्लेषावर असेल आणि श्लेष गेला, तर वाचकाला दोन वाक्यांचा संबंधच लागत नाही. पुढे येणारे आमोसच्या फळांच्या टोपलीचे वचन वाचून मग तो म्हणतो, ‘देव फळांबद्दल विचारत होता, मध्येच शेवटाचे काय आले?’

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात ‘आदाम’ हा ‘अदामा’तून, म्हणजे जमिनीच्या मातीतून, घडवला जातो. तिथे ‘मातीतून माणूस’ म्हटले की आद्य ध्वनी आपसूक जुळतो. त्याच अध्यायात पुढे ‘ईश’ आणि ‘इश्शा’ येतात, त्यांच्यासाठी मराठीत ‘नर’ आणि ‘नारी’ तयारच आहेत. अशी फुकट मिळालेली जोडी सोडू नका. पण ती एकदाच वापरा आणि पुढे जा. आजूबाजूला आणखी अनुप्रास पेरलात तर मूळचा ठसा पुसट होतो.

तिसरी पायरी: आमोसची टोपली

आता एक उदाहरण सावकाश सोडवू. आमोस 8:1-2. इसवीसनापूर्वी आठव्या शतकातला हा संदेष्टा दक्षिणेच्या तकोवा गावचा, पण बोलतो उत्तरेच्या इस्राएल राज्याशी. परमेश्वर त्याला एक टोपली दाखवतो आणि विचारतो, ‘आमोस, तुला काय दिसते?’ तो म्हणतो, ‘कायित्सची टोपली.’ ‘कायित्स’ म्हणजे उन्हाळा, आणि उन्हाळ्यात पिकणारी फळेही. त्यावर परमेश्वर म्हणतो, ‘माझ्या इस्राएल लोकांचा केत्स आला आहे.’ ‘केत्स’ म्हणजे शेवट.

गेझेर इथे 1908 साली सापडलेल्या एका छोट्या प्राचीन शिलालेखात वर्षातली शेतीची कामे महिन्यांनुसार दिली आहेत. त्यात शेवटी येणाऱ्या फळांच्या महिन्याचे नाव मधल्या ‘य’शिवाय, म्हणजे ‘केत्स’ जसे लिहितात तसेच, लिहिले आहे. उत्तरेकडच्या बोलीत हे दोन शब्द कदाचित अगदी एकसारखेच ऐकू येत असावेत. आमोसच्या तोंडून निघालेला शब्द श्रोत्यांनी ‘फळे’ म्हणून ऐकला आणि पुढच्याच क्षणी तोच शब्द निकाल होऊन त्यांच्यावर उलटला. शिवाय त्या महिन्याबरोबर फळांचा हंगाम आणि वर्षाचे चक्र संपत येते, म्हणजे श्लेष नुसत्या ध्वनीचा नाही, वस्तूचाही आहे.

या वचनासाठी आपल्यासमोर चार वाटा आहेत.

सरळ अर्थ देऊन पुढे जाणे ही पहिली. ‘उन्हाळी फळांची टोपली’ आणि ‘माझ्या लोकांचा अंत आला आहे’. अचूक आहे, पण सांधा तुटतो.

सरळ अर्थ देऊन खाली तळटीप लावणे ही दुसरी. टीप दोन ओळींत संपली पाहिजे: ‘हिब्रूत कायित्स (उन्हाळी फळे) आणि केत्स (शेवट) हे शब्द ऐकायला जवळजवळ सारखे आहेत.’ एवढे पुरे. मात्र मंडळीत वचन मोठ्याने वाचले जाते किंवा मोबाइलवर ऐकले जाते तेव्हा तळटीप कोणी वाचून दाखवत नाही.

मूळ शब्द मजकुरातच ठेवणे ही तिसरी. ‘कायित्स म्हणजे उन्हाळी फळांची टोपली’ असे लिहिले तर कान जुळतो, पण संवादाची गती मरते. देव आणि संदेष्टा झटपट बोलत आहेत. मध्येच शब्दकोश उघडला जाऊ नये.

मराठीत नवा श्लेष घडवणे ही चौथी. इथे खरा कस लागतो आणि घाई इथेच नडते. पहिला मोह ‘फळ’ या शब्दाचा होतो: टोपलीत फळे, आणि लोकांना त्यांच्या कर्माचे फळ. ऐकायला छान आहे, पण मराठी कानाला कर्मफळ म्हटले की एक वेगळाच सिद्धान्त ऐकू येतो, आणि ‘शेवट’ हा अर्थ तर गायबच होतो. म्हणून हा श्लेष मी नाकारतो. दुसरा पर्याय ‘पाड’ हा. ‘पाडाला आलेल्या फळांची टोपली’, आणि मग ‘माझ्या लोकांचा पाडाव जवळ आला आहे’. ध्वनी सुरेख जुळतो आणि पुढे येणाऱ्या बंदिवासाची चाहूलही लागते. पण ‘पाडाव’ म्हणजे पराभव; ‘केत्स’ त्याहून मोठा आहे. यहेज्केलच्या सातव्या अध्यायात हाच ‘केत्स’ पुन्हा पुन्हा घुमतो, आणि तिथे ‘पाडाव’ चालणार नाही. त्यातून पाडाचा आंबा ज्यांनी हाताळला नाही त्यांना पहिला शब्दच अडेल.

तिसरा पर्याय मला सर्वांत जवळचा वाटतो. ‘सरणे’ या साध्या क्रियापदात हंगामही बसतो आणि आयुष्यही.

‘आमोस, तुला काय दिसते?’
मी म्हणालो, ‘सरत्या उन्हाळ्याच्या फळांची टोपली.’
परमेश्वर मला म्हणाला, ‘माझ्या इस्राएल लोकांचे दिवस सरले.’

यात ‘शेवट’ हा अर्थ जागेवर राहिला. फळे उन्हाळ्याचीच राहिली. खेळाचा पहिला शब्द आमोसच्याच तोंडी राहिला, आणि देव तोच शब्द त्याच्यावर फिरवतो हेही टिकले. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. जुळणारी जोडी सापडूनही ती भलत्याच माणसाच्या वाक्यात टाकली तर प्रसंगच बदलतो. किंमत काय मोजली तेही नोंदवा: ‘दिवस’ हा शब्द मुळात नाही, आणि ‘सरत्या’ हे विशेषण फळांपेक्षा उन्हाळ्याला लागले आहे. माझ्या मते ही किंमत परवडते.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात मूळ भाषांवरून मराठी बायबल केले तेव्हा सामान्य बायकांना कळेल अशा साध्या मराठीवर त्यांचा भर होता. श्लेष शोधतानाही तोच नियम लावावा असे मला वाटते. संस्कृत कोशात श्लेष ढिगाने सापडतील, पण ऐकणाऱ्याला ते समजावून सांगावे लागले तर तळटीप काय वाईट होती?

अडलेली जागा: यिर्मयाचा बदाम

प्रत्येक जागा अशी सुटत नाही. यिर्मया 1:11-12 मध्ये संदेष्ट्याला ‘शाकेद’ची, म्हणजे बदामाची, फांदी दिसते आणि परमेश्वर म्हणतो, मी माझ्या वचनावर ‘शोकेद’ आहे, म्हणजे जागून लक्ष ठेवून आहे. रचना आमोससारखीच आहे, पण मराठीत ‘बदाम’ आणि ‘जागणे’ कुठूनही जुळत नाहीत. झाड बदलता येत नाही, कारण इस्राएलात बदाम थंडी सरते न सरते तोच, इतर झाडांच्या आधी, फुलतो. म्हणजे तो सर्वांत आधी जागा होतो. चित्रात तेही आहे.

इथे एक खास मराठी अडचणही आहे. आपल्याकडे रस्त्याकडेला दिसणारा रुंद पानांचा ‘बदाम’ हे वेगळेच झाड आहे, आणि बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर तेच येते. म्हणून इथे मी श्लेषाच्या मागे लागत नाही. ‘बदामाच्या झाडाची फांदी’ असे सरळ लिहितो आणि तळटिपेत दोन गोष्टी देतो: शब्दांचे साम्य, आणि हे झाड सर्वांआधी फुलते ही माहिती. ‘पाहणे’ या क्रियापदाने थोडी भरपाईही होते. ‘तू नीट पाहिलेस, कारण माझे वचन पूर्ण व्हावे म्हणून मी जागून पाहत आहे.’ शब्दखेळ गेला, पण दोन वाक्ये एकमेकांना धरून राहिली.

चौथी पायरी: आद्याक्षरी कवितेचा आराखडा आधी काढा

हिब्रू वर्णमालेत 22 अक्षरे आहेत. स्तोत्र 119 मध्ये प्रत्येक अक्षराला आठ-आठ वचने आहेत. नीतिसूत्रे 31:10-31 मध्ये प्रत्येकी एक. विलापगीताच्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला एक कडवे आहे आणि फक्त कडव्याची पहिली ओळ त्या अक्षराने सुरू होते. तिसऱ्या अध्यायात मात्र एका अक्षराला तीन वचने आणि तिन्ही त्याच अक्षराने सुरू, म्हणजे 66 वचने. यरुशलेमच्या नाशावरचा तो शोक आहे. वर्णमालेने त्याला आकारही दिला आहे आणि सीमाही: दुःख पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पुरे बोलून घ्यायचे.

जुन्या अनुवादांनी इथे वेगवेगळ्या वाटा घेतल्या. ग्रीक आणि लॅटिन प्रतींत कडव्यांच्या आधी हिब्रू अक्षरांची नावे येतात. लॅटिन उपासनेत तर ‘आलेफ, बेथ’ ही नावेसुद्धा चालीवर गायली जात. स्तोत्र 119 ला आजही अनेक बायबलांत असे मथळे असतात. वाट सोपी आहे आणि प्रामाणिक आहे, पण ज्या वाचकाला हिब्रू वर्णमाला पाठ नाही त्याला क्रम जाणवत नाही. दुसऱ्या टोकाला रोनाल्ड नॉक्स यांनी विसाव्या शतकात इंग्रजी वर्णमालेनुसारच या कविता पुन्हा बांधल्या.

मराठीत ही दुसरी वाट वाटते त्याहून सोपी आहे. हिब्रूत व्यंजन मोजतात, स्वर मोजत नाहीत. आपणही ‘क’च्या ओळीला का, कि, के काहीही चालते असे धरू शकतो. आपली वाक्यरचना सैल आहे. ओवी-अभंगात क्रियापद किंवा विशेषण सहज पुढे येते. आणि अक्षरांच्या बंधनात कविता करण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. मोरोपंतांनी तर ओठांना ओठ लागणार नाहीत अशा अक्षरांत निरोष्ठ रामायण रचले.

प्रश्न उरतो तो कोणती 22 अक्षरे घ्यायची याचा. ‘क’पासून ‘म’पर्यंत ङ, ञ, ण वगळले तर नेमकी 22 व्यंजने मिळतात. पाहताक्षणी वाटते, देवानेच दिली! पण दोन अडचणी आहेत. एक, ‘म’वर थांबणे म्हणजे अर्ध्या वाटेत थांबणे, मराठी वाचकाच्या मनात वर्णमाला ‘ह’च्या आसपास संपते. दोन, ट, ठ, ड, ढ यांच्या बारा ओळी तिसऱ्या अध्यायात एकापाठोपाठ येतात आणि ‘टाहो’, ‘ठेच’, ‘डोळे’, ‘ढसाढसा’ संपले की भाषा विनोदी होऊ लागते. शोकगीतात ते चालणार नाही.

मी ही यादी सुचवतो: अ, आ, इ, उ, ए, क, ख, ग, च, ज, त, द, ध, न, प, ब, भ, म, र, व, स, ह. यात य, ल, श गाळावे लागले याचे वाईट वाटते, पण आरंभ आणि शेवट दोन्ही ओळखीचे राहतात आणि क्रम कुठेही उलटत नाही. यादी एकदा ठरली की साऱ्या पुस्तकाला तीच. अध्यायागणिक बदललीत तर क्रम धरू पाहणारा वाचक गोंधळेल.

पाचवी पायरी: मुख्य शब्दावरून अक्षराकडे जा

एक वही घ्या. डाव्या बाजूला 66 वचनांचे आकडे, शेजारी प्रत्येक वचनाचा सर्वांत वजनदार शब्द, आणि त्यापुढे ठरलेल्या अक्षराने सुरू होणारे मराठी शब्द. अक्षराच्या यादीतून शब्द शोधत बसू नका. वचनाच्या अर्थातून शोधा. ज्या वचनांत मुळातच शब्दांची पुनरावृत्ती आहे ती आधी सोडवा, कारण तिथे निवडीला वाव सगळ्यांत कमी असतो.

विलापगीत 3:25-27 हे त्याचे उत्तम उदाहरण. नववे अक्षर ‘तेथ’, आणि तिन्ही वचने एकाच शब्दाने सुरू होतात: ‘तोव’, म्हणजे चांगला, बरे. कवीने नुसते अक्षर साधले नाही, तिथे एकच शब्द तीनदा ठोकला आहे. आपल्या यादीत नववे अक्षर ‘च’ आहे, म्हणजे ‘चांगला’ अगदी जागेवर येतो. खरे तर वरची यादी ठरवताना हेच वचन माझ्यासमोर होते. ‘क’पासूनची यादी घेतली असती तर नववे ‘ट’ आले असते आणि हा तिहेरी शब्द गमवावा लागला असता. यादी अशी कठीण जागेवरून मागे बांधत न्यावी. त्याआधीची दोन अक्षरे, सातवे आणि आठवे, म्हणजे आपले ‘ख’ आणि ‘ग’, घेऊन ही नऊ वचने अशी होतात:

19 खस्ता माझ्या आठव, माझी वणवण आठव. कडू दवणा आणि विष.
20 खचतो माझा जीव माझ्यात, ते आठवून आठवून.
21 खरेच, हे मी मनात आणतो, म्हणून मला आशा आहे.

22 गडप झालो नाही आम्ही, ही परमेश्वराची दया. त्याची करुणा आटत नाही.
23 गत दिवसाची नव्हे, रोज सकाळी ती नवी असते. तुझे इमान थोर आहे.
24 गाठीला माझ्या परमेश्वर आहे, असे माझा जीव म्हणतो. म्हणून मी त्याची आशा धरीन.

25 चांगला आहे परमेश्वर त्याची वाट पाहणाऱ्यांना, त्याला शोधणाऱ्या जिवाला.
26 चांगले आहे गप्प राहून परमेश्वराच्या तारणाची वाट पाहणे.
27 चांगले आहे पुरुषाला तरुणपणीच जू खांद्यावर घेणे.

आता हिशोब मांडू. ‘खस्ता’ आणि ‘खचतो’ हे शब्द अक्षरासाठी ओढूनताणून आणलेले नाहीत. हिब्रूत क्लेश आणि जीव वाकून जाणे असेच आहे. विसाव्या वचनात ‘आठवणे’ हे क्रियापद मुळातही दुहेरी येते, ते ‘आठवून आठवून’ने सांभाळले. एकविसाव्यातले ‘खरेच’ मात्र भरीचे आहे. मुळात ओळ ‘हे’ या शब्दाने सुरू होते. बाविसाव्यात ‘आम्ही संपलो नाही’ आणि ‘दया संपली नाही’ असे दोन्ही अर्थ लावले जातात. मी पहिला घेतला, आणि दुसरा वचनाच्या उत्तरार्धात ‘आटत नाही’मधून ऐकू येतो. चोविसाव्यात मूळ शब्द ‘वाटा’ आहे. ‘गाठीला असणे’ त्याच्या जवळ जाते, पण वतनाचा वाटा हा संदर्भ पुसट होतो, तिथे टीप हवी. सगळ्यांत कमकुवत वचन तेविसावे. ‘गत दिवसाची नव्हे’ हे मुळात नाही. ‘नवी’ या शब्दात दडलेले मी उघडे केले आहे. असा तुकडा तीन अक्षरांमागे एखादा चालेल. प्रत्येक कडव्यात लागू लागला तर थांबा आणि त्या अध्यायासाठी मथळ्यांच्या वाटेवर या. अक्षरासाठी वचनात भर घालत गेलो तर हातात राहते ती आपली कविता.

सत्ताविसाव्यात ‘माणसाला’ न म्हणता ‘पुरुषाला’ का म्हटले? कारण हिब्रू ‘गेवेर’ हाच शब्द अध्यायाच्या पहिल्या वचनात येतो: विपत्ती पाहिलेला पुरुष मीच. पुढे 35 आणि 39 मध्येही तो आहे. आद्याक्षरे जुळवण्याच्या नादात असे आतले धागे तुटतात, म्हणून पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी ठेवा.

अक्षरांबद्दल दोन बारीक गोष्टी. ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘त्र’ यांनी ओळ सुरू करू नका. ‘ज्ञान’ लिहिताना ‘ज’ असले तरी मराठी तोंडात ते ‘द’ने सुरू होते. आणि ‘च’, ‘ज’ यांचे दोन उच्चार आहेत. एका अक्षराच्या तिन्ही ओळींत शक्यतो एकच उच्चार ठेवा, म्हणजे ऐकणाऱ्यालाही क्रम जाणवेल.

सहावी पायरी: मुळात क्रम मोडतो तिथे काय करावे

विलापगीताच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायात सोळावे आणि सतरावे अक्षर उलट्या क्रमाने येतात: ‘पे’ आधी, ‘आयिन’ नंतर. ती लेखनिकाची चूक समजू नका. इज्बेत सर्ता आणि कुंतिलेत अज्रूद इथे सापडलेल्या प्राचीन वर्णमालांतही हाच क्रम आहे; त्या काळी दोन्ही क्रम चालत असावेत. मराठीत ‘भ’ आधी आणि ‘ब’ नंतर केले तर वाचक छपाईची चूक समजेल, कारण आपल्याकडे असा दुसरा क्रम कधी नव्हता. मी इथे मराठी क्रम सरळ ठेवतो, वचनांचे आकडे मूळचेच ठेवतो आणि टिपेत सांगतो.

पाचव्या अध्यायात 22 वचने आहेत, पण आद्याक्षरे नाहीत. इथे नवा अनुवादक हमखास एक गोष्ट करतो: चार अध्यायांची सवय लागलेली असते, म्हणून पाचवाही अक्षरांत बसवतो. तसे करू नका. आकडा तोच राहतो आणि क्रम सुटतो, हे कवीने केले आहे. तुमच्या मराठीतही पाचवा अध्याय मोकळाच राहिला पाहिजे.

सातवी पायरी: कानावर तपासा

मसुदा दोन प्रकारच्या लोकांना वाचून दाखवा. काहींना कसलीही पूर्वसूचना न देता. आमोसचे वचन ऐकून कोणी हसले तर श्लेष फसला, कारण मराठीत कोटी ऐकली की हसू येते आणि इथे मृत्युदंड सुनावला जात आहे. ऐकून झाल्यावर विचारा, ‘देव काय म्हणाला?’ उत्तर ‘त्यांचे दिवस भरले’ किंवा ‘आता संपले’ असे आले तर काम झाले. विलापगीतासाठी विचारा, ‘कुठे शब्द मुद्दाम आणल्यासारखा वाटला?’ ज्या ओळीवर एकापेक्षा जास्त बोटे पडतील ती पुन्हा लिहा.

दुसऱ्यांना आद्याक्षरांबद्दल आधी सांगा आणि छापील पान दाखवा. अक्षर ठळक आणि मोठे छापले की पान शाळेतल्या ‘अ अननसाचा’ तक्त्यासारखे दिसते. समासात, बारीक टाइपात, दर तीन वचनांशेजारी एकदाच अक्षर द्या. अध्यायाच्या डोक्यावर एका ओळीची टीप पुरे: ‘हिब्रूत ही कविता वर्णमालेच्या क्रमाने आहे, इथे मराठी अक्षरांचा क्रम वापरला आहे.’

तिसरा वाचक हवा तो हिब्रू जाणणारा. त्याला तुमचे मराठी शब्दशः उलटे समजावून सांगा आणि मुळाशी ताडून पाहायला सांगा. त्याच्यासमोर वहीतला हिशोब ठेवा: कुठे श्लेष टिकवला, कुठे टिपेत टाकला, कुठे भरीचा शब्द घातला, कुठे एका जागचा गेलेला अनुप्रास दुसरीकडे भरून काढला. ‘खरेच’ आणि ‘गत दिवसाची नव्हे’ अशा भरींवर तो आधी बोट ठेवील. तिथे वाद घाला, पण त्याने मूळ अर्थ ढळल्याचे दाखवून दिले तर अक्षर सोडा आणि अर्थ ठेवा. त्या ओळीपुरता क्रम तुटला तरी चालेल. टिपेत तसे लिहा आणि पुढच्या अक्षरावरून कविता पुन्हा धरा.